तोरण कुणी केलं

सासूसमोर गोंडा घोळणं मला कधी जमलं नाही, आणि खराखुरा गोंडा करणं त्याहून जमलं नाही. पहिल्या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो. दुसरी मी दहा-बारा वर्षं लोकांपासून लपवली, तिच्याबद्दल हे लिहिते आहे.

पुसेगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. ब्लाउज, परकर, पोरींचे ड्रेस, साड्यांना फॉल. शिवणाऱ्या बाईच्या घरात आणि काही नसलं तरी चिंध्या असतात. ब्लाउजपीस पुरत नाही म्हणून बायका भांडतात आणि शिवून झालं की उरलेले तुकडे न्यायला विसरतात. अस्तराचे कोपरे, काठाच्या पट्ट्या, गळा कापताना पडलेली चंद्रकोर. मी ते सगळं एका गोणीत कोंबायची आणि गोणी भरली की गोधडीवालीला द्यायची. माझी नणंद घरी परत आली आणि ती गोणी तिनं स्वतःच्या ताब्यात घेतली.

परत आली म्हणजे, नवऱ्यानं दुसरी करून हिला माहेरी पाठवली. सोडचिठ्ठी नाही, कोर्ट नाही, काही नाही. गळ्यात काळी पोत होती, पायात जोडवी होती, नवरा जिवंत होता. गावातल्या बायकांना मात्र तिला कोणत्या रांगेत बसवावं ते कळत नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवावं तर पंचाईत, न बोलवावं तर पंचाईत. बहुतेकींनी न बोलवण्याची पंचाईत पत्करली.

ती बोलायची कमी. दुपारी भांडी झाली की ओसरीवर पाय पसरून बसायची, गोणी शेजारी. घरातले विटके, कोपरे फाटलेले स्वेटर तिनं उसवायला घेतले. शिवण कुठून सुटते ते तिला बरोबर सापडायचं, मग धागा ओढत जायची आणि लोकर हाताच्या कोपराला गुंडाळत जायची. उसवलेली लोकर वेडीवाकडी, नागमोडी निघते. मी म्हटलं, धुऊन वजन बांधून वाळत घाला म्हणजे सरळ होईल. ती म्हणाली, "इणायचं असतं तर केलं असतं वैनी. गोंड्याला वाकडीच चांगली. फुगतो."

तिचं काम मी हजार वेळा पाहिलं असेल. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन चकत्या, मधे भोक. दोन्ही एकावर एक ठेवून भोकातून लोकर आत-बाहेर गुंडाळत जायची, भोक बुजेपर्यंत. मग दोन चकत्यांच्या मधे कात्रीचं टोक घालून कडेनं गोल कापायचं आणि त्याच फटीतून दोरा घालून मध्यभागी आवळायचं. चकत्या फाडून काढल्या की हातात एक विस्कटलेला गोळा उरतो. तो चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरायचा, पण लांबून. "ही बाजारची लोकर हाय, मेंढराची न्हाई. जवळ धरली की मरती, चपटी पडती," म्हणायची. मग गोल फिरवत कात्रीनं सगळीकडून सारखा करायचा. या शेवटच्या कामाला ती "भादरणं" म्हणायची. आमच्या गल्लीच्या टोकाला मेंढरं राखणाऱ्यांचं घर आहे, तिथल्या म्हातारीकडे बसून ती घोंगडीचे गोंडे शिकली होती आणि मेंढरं कातरण्याचा हा शब्दही तिथूनच उचलून आणला होता. मी हसायची. "ताई, किती गोंडे भादरले आज?" तीही हसायची. तेवढाच आमचा विनोद.

कापडाच्या तुकड्यांचे ती लोंबते गोंडे करायची. पट्टी तिरपी कापायची, एका बाजूनं बारीक कातरे द्यायची आणि गुंडाळून मान आवळायची. तिरपं कापलं की कापडाचे धागे सुटत नाहीत हे मला शिवणकामातून ठाऊक होतं, तिला कसं ठाऊक होतं कोण जाणे. मग गोधडीच्या सुईत दुहेरी दोरा ओवून एक लोकरीचा, एक कापडाचा, मधे मणी, अशी माळ. दाराला लावा, आरशाला लावा, देवघराला लावा.

पहिलं तोरण मी माझ्या दुकानात, म्हणजे पुढच्या खोलीच्या दाराला टांगलं. एका गिऱ्हाईक बाईला ते आवडलं. तिच्या पोरीचं लग्न होतं, रुखवतात मांडायला तसंच एक हवं होतं. मी म्हणणार होते की नणंद करते, तेवढ्यात खोलीत बसलेली शेजारीण ओसरीकडे बघत हळूच म्हणाली, "लग्नाच्या कामात तिचा हात काहून लावता?" हळूच म्हणजे ओसरीवर ऐकू जाईल इतकं हळू. गिऱ्हाईक बाईचा चेहरा पडला. मी पटकन म्हणाले, "मी देते करून."

तोरण अर्थातच नणंदेनं केलं. मी तिला सांगितलं, लोकांचं तोंड धरता येत नाही, माझं नाव राहू द्या. ती म्हणाली, "राहू द्या की. लोकर तर तुमचीच हाय." तेव्हा मला खरंच वाटलं होतं की मी तिचा अपमान वाचवला. त्या दिवसापुरतं ते खरंही होतं.

पण खोटं बोलायची एकदा सवय लागली की त्याला कारण लागत नाही. पुसेगावात, मग आसपासच्या चार गावांत, रुखवतात लोकरीचं तोरण म्हटलं की माझं नाव निघू लागलं. रुखवत मांडलं की वऱ्हाडातल्या बायका टेबलापाशी गर्दी करतात आणि एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारतात, हे कोणी केलं? चमच्यांची बाहुली कोणी केली, मण्यांचा गणपती कोणी केला, तोरण कोणी केलं. नवरीची आई सांगते आणि ज्या बाईचं नाव निघेल ती पदर सावरत पुढे येते. मी कितीतरी लग्नांत अशी पदर सावरत पुढे आले आहे. केलं कुणी आणि मिरवलं कुणी. खरं सांगते, मला ते आवडायचं. मशीनवर वीस वर्षं ब्लाउज शिवले, पण कुणी कधी हात धरून "काय हात हाय तुमचा" म्हणालं नव्हतं. ब्लाउज बरोबर बसला तर बाई गप्प असते, चुकला तरच बोलते.

माझी पोरगी नणंदेच्याच हाताखाली वाढली. मी मशीनवर, तिचे वडील हळदीच्या शेतात, पोरीची वेणीफणी, शाळेचा डबा, ताप, खोकला सगळं आत्यानं पाहिलं. तिचं लग्न नरसीकडच्या घरात ठरलं, तेव्हा नणंदेनं ट्रंकेतून एक बोचकं काढलं. पोरीचे लहानपणीचे स्वेटर, टोपरी, पायमोजे, शाळेचा निळा स्वेटर. तिनं काहीच टाकलं नव्हतं. "ह्याचं करते तोरण," म्हणाली. चार महिने लागले. पिवळा गोंडा टोपऱ्याचा, गुलाबी पहिल्या स्वेटरचा, निळा शाळेचा. मधले कापडी गोंडे मी शिवलेल्या पोरीच्या फ्रॉकांच्या तुकड्यांचे. ते तुकडेही तिनं गोणीतून बाजूला काढून ठेवलेले होते.

तोरण पुरं झालं त्या दुपारी ती माझ्या मशीनजवळ येऊन उभी राहिली. मी पाय चालवतच होते. ती म्हणाली, "वैनी, ह्या टायमाला कुणी इचारलं तर माझं नाव सांगताल का?"

इतक्या वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. मी मशीन थांबवलं. म्हणाले, "सांगते की. हे काय मागणं झालं?"

"मांडवात. सगळ्यांसमोर," ती म्हणाली.

"व्हय म्हणलं ना ताई."

आणि मला ते सांगायचं होतं. यावर कुणी विश्वास ठेवो न ठेवो.

लग्नाच्या दिवशी रुखवताच्या टेबलामागे तोरण टांगलं होतं. विहीणबाई, पोरीची सासू, सडसडीत, कमी बोलणारी बाई, आपल्या बायकांना घेऊन आली. बाकी वस्तू नुसत्या पाहिल्या. तोरणापाशी थांबली. एक गोंडा बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिला. धागा सुटला नाही. विचारलं, "हे कुणी केलं इहीणबाई?"

माझ्या उजव्या हाताला नणंद उभी होती. हातात सरबताचा ट्रे. नवी साडी. ती माझ्याकडे पाहत नव्हती, ट्रेकडे पाहत होती, पण मला कळत होतं की तिचं सगळं लक्ष माझ्या तोंडाकडे आहे. आणि मला त्या क्षणी शेजारणीचं ते "तिचा हात काहून लावता" ऐकू आलं. मनात आलं, ही नवी माणसं. पोरगी आज त्यांच्या घरी जाणार. पहिल्याच दिवशी यांना कळायचं की रुखवतातलं तोरण टाकलेल्या आत्यानं केलंय. उद्या पोरीचं काही वाकडं झालं की बोट त्याच तोरणाकडे जायचं. हे सगळं इतक्या झरझर मनात आलं की तोंडानं आधीच्या सवयीनं उत्तर देऊन टाकलं.

"मीच की," मी म्हणाले. आणि पदर सावरला.

बायका वा वा म्हणाल्या. नणंदेनं ट्रे पुढे केला, सरबत वाटलं आणि आत गेली. मी तिच्या मागे गेले नाही. लग्नघरात कामं काय कमी असतात? स्वतःला फसवायला तेवढं कारण पुरतं.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. रागावली असती, दोन भांडी आपटली असती तर मी हात जोडले असते. तिनं काहीच केलं नाही. फक्त गोणी परत माझ्या मशीनखाली आणून ठेवली. पुन्हा चिंध्या साचू लागल्या, पुन्हा गोधडीवालीला जाऊ लागल्या. तोरणं मागणाऱ्या बायकांना मी सांगू लागले की आता डोळे साथ देत नाहीत.

दीड वर्षानं पोरगी बाळंतपणाला आली. मुलगी झाली. आत्यानंच शेक-शेगडी केली, आत्यानंच बाळाला न्हाऊ घातलं. बारशाच्या चार दिवस आधी विहीणबाईंचा फोन आला. पाळण्याला लावायला तसंच गोंड्याचं तोरण करा म्हणाल्या, लग्नातल्यासारखं, तुमच्या हातचं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. नणंद डिंक तळत होती.

"ताई, पाळण्याला गोंडे पाहिजेत."

"करा की वैनी. तुमाला तर येतंय," ती म्हणाली. टोमणा असता तर आवाजात कळला असता. टोमणा नव्हता. तिनं ते काम मला देऊन टाकलं होतं, कायमचं.

केले मी. चकत्या कापल्या, गुंडाळलं, कापलं, आवळलं. हजार वेळा पाहिलेलं काम, त्यात काय अवघड? दिसायला छान दिसत होते. पण नणंद मध्यभागी आवळायला गोधडीचा सुती दोरा दुहेरी घ्यायची, तोंडात धरून ओला करायची, दोन वेढे देऊन एकदा एका बाजूनं, मग पलटून दुसऱ्या बाजूनं गाठ मारायची. हे मी पाहिलं होतं आणि कधी लक्षात घेतलं नव्हतं. मी घाईत त्याच लोकरीच्या धाग्यानं आवळलं. बाजारची लोकर ताणली की लांबते, सोडली की सैल पडते. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे सुचू नये? कापडी गोंड्यांच्या पट्ट्याही घाईत सरळ कापल्या. सरळ कापलेलं कापड सुटतं हे तर मी स्वतः नवशिक्या पोरींना शिकवत आले.

बारशाला अंगण भरलं. पाळणा सजवला, माझं तोरण वर बांधलं, बायकांनी पाळणा म्हटला आणि झोके द्यायला सुरुवात केली. दहा-पंधरा झोक्यांत गोंडे गळू लागले. आधी एक-एक तंतू. मग एका गोंड्याची अर्धी बाजूच सुटली आणि बाळाच्या दुपट्यावर पडली. कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. विहीणबाईंनी झोका हातानं थांबवला, वाकल्या आणि बाळाच्या ओठाला चिकटलेला लाल धागा करंगळीनं काढला. बाळाला काही झालं नाही. ते झोपेत तोंड हलवत होतं.

विहीणबाईंनी वर तोरणाकडे पाहिलं. एक गोंडा चिमटीत धरून ओढला, जसा लग्नात ओढला होता. निम्मा हातात आला.

"हे हात येगळे हायत," त्या म्हणाल्या.

अंगणात गाणं थांबलं होतं. आता मला पळायला जागा नव्हती. आणि खरं सांगायचं तर पळायचंही नव्हतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "लग्नातलं तोरण मी नव्हतं केलं. माझ्या नणंदेनं केलं होतं. याआधीची सगळी तिनंच केली. मी नुसतं नाव लावलं."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. हेही कबूल करायला हवं. वाटलं, झालं, उशिरा का होईना दिलं तिचं तिला.

विहीणबाईंनी हातातला निम्मा गोंडा पाळण्याच्या कडेला ठेवला. मग म्हणाल्या, "मला तवाच शंका आली होती. त्यांच्या नव्या साडीला लोकरीचे तंतू चिकटलेले होते, आन् कात्रीनं बोटाला घट्टा पडलेला. मी जेवणाच्या पंगतीत त्यांना बाजूला घेऊन इचारलं. म्हणलं, खरं सांगा, तुमीच केलं ना? माझी धाकटी बहीण बी अशीच घरी परत आलेली हाय. आमच्या घरातलं सगळं शुभकार्य तिच्याच हातानं होतंय. मला वाटलं, ह्यांना बोलवावं, दोघींची ओळख करून द्यावी, दोघींनी मिळून काही करावं. पण त्या म्हणाल्या, न्हाई, वैनीनंच केलं. मला काही येत न्हाई म्हणाल्या."

माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात नणंद उभी होती. हातात घुगऱ्यांचं पातेलं. तिनं सगळं ऐकलं होतं. विहीणबाई तिच्याकडे वळल्या. आवाज रागाचा नव्हता, दुखावलेला होता. "मी इतकं बहिणीसारखं इचारलं, तरी तुमी माझ्याशी खोटं बोललात?"

नणंदेनं मान खाली घातली. पातेलं खाली ठेवलं, घुगऱ्या वाटायला घेतल्या. विहीणबाईंनी ओंजळ पुढे केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

पाहुणे गेल्यावर मी तिच्याजवळ गेले. ती पाळण्यावरून माझं तोरण सोडवत होती, बाळाच्या अंगावर तंतू पडू नयेत म्हणून एका हातानं खाली पदर धरून. मी म्हणाले, "ताई, सांगितलं बघा मी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"व्हय," ती म्हणाली.

"चुकलं माझं. तवाच सांगायला पाहिजे होतं."

ती तोरण गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तवा तुमचं नाव जाऊ नये म्हणून मी त्या बाईशी खोटं बोलले वैनी. त्या एकट्याच होत्या मला इचारणाऱ्या. आज तुमी खऱ्या झालात आन् मी खोटी पडले."

विहीणबाई त्यानंतर तीनदा घरी येऊन गेल्या. माझ्याशी मोकळेपणानं बोलतात, चूक कबूल करायला मोठं मन लागतं म्हणतात. नणंदेनं दिलेला चहा घेतात आणि तिच्याकडे न बघता कप खाली ठेवतात.